बाहेरून पाहिलं का?

माझ्या तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नाही. बाहेरच्या बाकावर बायका जे बोलतात ते मला आत ऐकू येतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची डॉक्टर म्हणून मला अकरा वर्षं झाली. त्या दाराबद्दल मी कधी तक्रार केली नाही, कारण बाकावर बायका एकमेकींना जे सांगतात ते मला सांगत नाहीत.

त्या सोमवारी बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. एक तिशीची. तिला मी ओळखत होते. तिचं सासर तलावाकाठच्या गावातलं, घरचे सगळे तलावात मासे धरणारे, आणि ती बुधवारच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. तिची तीन पोटं पडली होती, दोन तिसऱ्या महिन्यात आणि एक चौथ्या. दुसरी चोविसेक वर्षांची, गडचांदूरकडच्या एका कापूसवाल्या घरातली सून. माहेरी आली होती आणि माहेरच्या गावातल्या नर्सबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. दोघींच्या हातात तपासणीचे कागद होते.

"तुह्या कागदावर काय लिवलं हाये?" मासळीवालीनं विचारलं.

"दोन शिंगाची पिशवी म्हनते. पोट फाडून दोन्ही शिंगं जोडून एक करतो म्हनला डॉक्टर. तारीख बी देल्ली."

"माह्या बी कागदावर तेच हाये. दोन शिंगाची." मग तीच पुढे म्हणाली, "मले त इथच्या मॅडमनं सांगतलं, याच्यावर कायी इलाज नाई. ऑपरेशन नसते म्हने याचं. मंग तुले काऊन सांगतलं?"

मी आत एका गरोदर बाईचं पोट मोजत होते. माझे हात थांबले.

मासळीवालीचा नंबर आला तेव्हा तिच्यामागून तिची सासूही आत आली. सासू उभीच राहिली. मी बसा म्हणायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, "मॅडम, मले एक चिठ्ठी पाह्यजे. हिले लेकरू होत नाई असं लिहून द्या. पोराचं दुसरं करायचं हाये. उद्या कोनी पोलिसात गेलं त आमच्यापाशी कागद पाह्यजे."

सून मान खाली घालून बसली होती. आणि माझा तोल गेला. मी त्या म्हातारीला जे बोलले ते बाकावर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न करणं गुन्हा आहे हे सांगितलं, कुठल्याही डॉक्टरकडून असली चिठ्ठी मिळणार नाही हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तुमाले लाज नाई वाटत, बाई?"

म्हातारी घाबरली नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला, टेबलावर ठेवला आणि बोट ठेवून म्हणाली, "लाज कायची? तुमीच त लिहून देल्लं. 'कायी करता येत नाई' म्हनून. मी त तुमचंच आयकून राह्यली."

कागद माझाच होता. चार वर्षांपूर्वीचा. दुसरं पोट पडल्यावर मी तिची सोनोग्राफी करवली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गर्भाशयाची पोकळी दोन भागांत विभागलेली दिसते. त्याखाली माझ्या निळ्या पेनानं, माझ्या अक्षरात: द्विशृंगी गर्भाशय. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. पुढच्या गरोदरपणात लवकर यावे.

सुनेनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, त्या पोरीच्या कागदावर बी हेच हाये. तिले ऑपरेशन काऊन?"

"तो डॉक्टर चुकला," मी लगेच म्हणाले. "दोन शिंगाच्या पिशवीला ऑपरेशन लागत नाई. जवळपास कधीच नाई."

ते खरंच होतं. ज्या बाईच्या गर्भाशयाची घडण होताना दोन बाजू वरून जुळायच्या राहिल्या, तिची पिशवी वरून दोन शिंगांसारखी फाकलेली असते. बाहेरून पाहिलं तरी मधे खोल खाच दिसते. गर्भ एका शिंगात राहतो. त्याला जागा कमी पडते, म्हणून मूल आडवं किंवा पायाळू राहतं, दिवस भरायच्या आधी कळा येतात, कधी पाचव्या-सहाव्या महिन्यातच पोट पडतं. पण पुष्कळ बायकांची मुलं जगतात, नीट लक्ष ठेवलं तर. पोट फाडून दोन शिंगं जोडण्याचं ऑपरेशन जुनं आहे. त्यानं गर्भाशयावर मोठा व्रण राहतो. पुढच्या बाळंतपणात तो व्रण फाटण्याची भीती असते, आत चिकटून बसण्याची भीती असते, आणि मूल फक्त पोटावरूनच, सिझेरियननं, काढावं लागतं. एवढं करून मूल टिकायची शक्यता वाढते याचा भक्कम पुरावा नाही. फार क्वचित, बाकी सगळं करून झाल्यावर, पुन्हापुन्हा पोटं पडणाऱ्या एखाद्या बाईत त्याचा विचार करतात. आणि बाकावरच्या त्या दुसरीला तर एक जिवंत मुलगी होती.

गडचांदूरच्या त्या पोरीलाही मी आत बोलावून तिचे कागद पाहिले. मुलगी तीन वर्षांची होती. पायाळू होती म्हणून आठव्या महिन्यात पोटावरून काढलेली, आणि ठणठणीत. मग गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात एक पडलं. त्यावर शहरातल्या एका खासगी डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख देऊन टाकली होती.

मला इतका संताप आला की मी त्या दोघींना आणि सासूला तिथेच बसवून त्या डॉक्टरला फोन लावला. आपण कोण हे सांगितलं आणि विचारलं, या मुलीला शस्त्रक्रिया कशासाठी?

"मॅडम, दोन पोकळ्या आहेत," तो म्हणाला. "एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतंय. रंग सोडून घेतलेला एक्स-रे आहे."

"रंगाच्या एक्स-रेमध्ये फक्त आतली पोकळी दिसते," मी म्हणाले. "दोन शिंगं आहेत की मधे नुसता पडदा आहे, ते आतून कळत नाही. दोन्हींत आत तेच दिसतं. पिशवी बाहेरून पाहिली का?"

"बाहेरून म्हणजे?"

"वरचा आकार. बाहेर खाच आहे की सपाट आहे. तुम्ही ते न बघता पोट कशाच्या आधारावर फाडताय?"

तो हसला. "तुमच्याकडे सरकारीत असले प्रश्न विचारायला वेळ असतो वाटतं."

मी फोन ठेवला. आणि तेवढ्यात मला समोरचा निळ्या पेनाचा कागद दिसला.

मी त्या माणसाला ज्या प्रश्नावरून झापलं होतं, तो प्रश्न मी स्वतःला चार वर्षांपूर्वी विचारला नव्हता. मासळीवालीचा रिपोर्ट साध्या सोनोग्राफीचा होता. त्यात फक्त एवढंच लिहिलं होतं की पोकळी दोन भागांत आहे. बाहेरचा आकार कसा आहे, याबद्दल एक ओळ नव्हती. पडदा की शिंगं हे त्यात नव्हतंच. ते मी ठरवलं. त्या दिवशी ओपीडीत शंभरएक बायका असतील, लवकर उरकायचं असेल, मला आठवतही नाही. मी माझ्या मनानं एक शब्द लिहिला आणि त्या शब्दावर एका बाईची चार वर्षं गेली. तिसरं पोट त्यानंतरचं होतं.

आणि पडलेल्या पोटांचे महिने मला तिच्या सगळ्या कागदांवर स्पष्ट दिसत होते. तिसरा, तिसरा, चौथा. शिंगाच्या पिशवीत बहुधा पुढचे महिने असतात. इतकं लवकर, पुन्हापुन्हा पडत असेल तर आधी पडद्याचा विचार मनात यायला हवा. कारण तो पडदा म्हणजे पिशवीच्या आतली मधली भिंत असते, तिला रक्त कमी मिळतं, आणि गर्भ त्या भिंतीवर रुजला की बरेचदा सुरुवातीलाच सुकतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

मी त्या दिवशी तिला काही सांगितलं नाही. मला धीर झाला नाही असं नाही, खात्री नव्हती. "एक तपासणी परत करावी लागते," एवढंच म्हणाले. "दोघींचीही." सासू म्हणाली, "आता काऊन?" मी म्हणाले, "माझ्यासाठी." ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली.

चंद्रपूरला माझी एक वर्गमैत्रीण सोनोग्राफी करते. तिच्याकडे त्रिमितीय मशीन आहे, ज्यात पिशवीचा बाहेरचा आकार आणि आतली पोकळी एकाच चित्रात दिसते. गुरुवारी दोघींना एकाच गाडीनं पाठवलं आणि मीही गेले. मी सुट्टी टाकली होती. मैत्रिणीनं आधी गडचांदूरच्या पोरीला घेतलं. मशीनच्या पडद्यावर चित्र आलं आणि शंका राहिली नाही. वरच्या बाजूला खोल खाच, दोन शिंगं फाकलेली, एका बाजूचं थोडं मोठं. "ही खरी दोन शिंगी आहे," मैत्रीण म्हणाली. मूत्रपिंडंही पाहिली, कारण अशा घडणीत कधी एक मूत्रपिंडही नसतं. दोन्ही होती.

मग मासळीवाली. मैत्रिणीनं यंत्र फिरवलं, चित्र नीट लागेपर्यंत थोडा वेळ गेला. आणि मग पिशवीचा वरचा भाग दिसला. गुळगुळीत, वर थोडा फुगीर, अगदी कुठल्याही बाईच्या पिशवीसारखा. खाच नव्हती. आत मात्र वरपासून जवळजवळ खालपर्यंत एक भिंत.

"पडदा आहे," मैत्रीण म्हणाली. "याला कुणी द्विशृंगी म्हटलं?"

"मी," मी म्हणाले.

ती पडद्याची लांबी मोजायला लागली. तिच्या त्या शांतपणाचा मला राग आला. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात मी मासळीवालीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं. सासूला नको म्हटलं होतं, पण ती आलीच. नवरा बुटका, काळासावळा, हात पाण्यानं सोलल्यासारखे. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी दार लावायचा प्रयत्न केला, ते लागलं नाही.

मी सांगितलं. आडवळणं न घेता. "मी चार वर्सांआधी लिहिलं ते चूक होतं. तुमच्या पिशवीला दोन शिंगं नाईत. आत एक पडदा हाये. त्याच्यावर दुर्बिणीनं इलाज होऊ शकते. मी तेव्हाच नीट तपासणी करवायला पाह्यजे होती. नाई केली."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग ती बोलली, आणि तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता इतका मोठा होता.

"तिसरं पोट तुमच्या कागदाच्या बादचं हाये, मॅडम."

"हो."

"मी तुमच्याकडं आली. तिसऱ्या वक्ताले बी तुमच्याचकडं आली. रगत जाऊन राह्यलं होतं त तुमी म्हनल्या, तुहं असंच हाये. असंच हाये म्हनल्या तुमी मले."

मी म्हणाले असेन. मी नाकारलं नाही.

"गावात मले वांझोटी म्हनते. बाजारात बायका माह्याकडची मासोळी घेत नाई कधी कधी, हातगुन खराब म्हनते. दोन वर्सं झाली सासूनं माह्याशी बोलनं टाकलं. अन् तुमी म्हनता चूक झाली."

सुनेचा राग माझ्यावर होता आणि सासूचाही माझ्यावरच होता. त्या खोलीत त्या दोघी पहिल्यांदा एका बाजूला होत्या. मी ते बघत होते आणि माझीच मला चीड येत होती.

नवऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मंग आता ऑपरेशन केलं त लेकरू होईल?"

इथे मला खोटं बोलणं सोपं होतं. चूक भरून काढल्यासारखं वाटलं असतं. मी म्हणाले, "होईलच असं मी लिहून देणार नाई. काही डॉक्टर म्हणतात पडदा कापला तरी न कापला तरी फरक पडत नाई. काही म्हणतात पडते. अजून पक्कं झालं नाई. पण तीन पोटं पडली असली, दुसरं कारण सापडलं नाई अन् पडदा इतका लांब असला, त तो काढून पाहावा असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटते. आधी बाकीच्या तपासण्या करू."

बाकीच्या तपासण्या म्हणजे थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याचा एक आजार ज्यात वारंवार पोट पडतं, आणि आमच्याकडे घरोघरी असतो तो सिकलसेल. दोघांचीही तपासणी झाली. ती सिकलसेलची वाहक निघाली, नवरा निघाला नाही. म्हणजे मुलाला आजार होण्याची भीती नव्हती. बाकी सगळं नीट. आता पडद्याशिवाय बोट दाखवायला जागा उरली नाही.

तपासण्यांचे कागद घेऊन जाताना ती म्हणाली, "ऑपरेशन करून घीन. पन तुमच्या हातानं नाई."

मला स्वतःला ते जमतही नव्हतं. हे ऑपरेशन आमच्या दवाखान्यात होत नाही. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक ज्येष्ठ सर्जन बाई आहेत, त्यांच्याकडे मी तिला पाठवलं. तिनं परवानगी दिली म्हणून मीही थिएटरमध्ये मागे उभी राहिले.

पोट फाडायचं नसतं. नाभीजवळून एक दुर्बीण घातली, फक्त बाहेरचा आकार डोळ्यांनी पुन्हा पाहण्यासाठी. पिशवी वरून गोल आणि गुलाबी, एकसंध. मी ती पाहत राहिले. मग दुसरी दुर्बीण खालून, गर्भाशयाच्या तोंडातून आत. आत तो पडदा. पांढरट, कोरडा, जणू त्यात जीवच नाही. सर्जन बाईंनी बारीक कात्रीनं मधूनच खालून वर कापायला सुरुवात केली. रक्त जवळजवळ आलंच नाही. त्या हळूहळू वर सरकत होत्या, आणि वरच्या भिंतीशी आल्यावर, जिथे लालसर स्नायू दिसायला लागला आणि थोडं रक्त सुटलं, तिथे त्या थांबल्या. "यापुढे गेलं तर भिंत पातळ होते," त्या म्हणाल्या. आता एकाच नजरेत दोन्ही बीजनळ्यांची तोंडं दिसत होती. एक मोठी खोली झाली होती.

एवढंच. ज्यासाठी तिला इतकी वर्षं वांझोटी म्हटलं गेलं, ते एवढ्यात संपलं होतं. ती संध्याकाळी चहा प्यायली आणि दुसऱ्या दिवशी घरी गेली. मी नागपूरच्या एसटी स्टँडवर एकटी उभी होते आणि मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. तो शहरातला डॉक्टर नाही. मला स्वतःच्या त्या निळ्या पेनाच्या हाताला मारावंसं वाटत होतं.

त्यानंतर मी दोन रविवार कपाटातले जुने कागद काढून बसले. 'द्विशृंगी' शब्द जिथे जिथे होता, ती कागदपत्रं वेगळी केली. ज्यांचे फोन लागले त्यांना बोलावलं, पुन्हा तपासणी करवली. काही खऱ्या दोन शिंगी निघाल्या. काही नाही. एका बाईचा फोन तिच्या आधीच्या सासऱ्यानं उचलला आणि म्हणाला, "ती आता इथी राहत नाई." मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गडचांदूरच्या पोरीची पिशवी मात्र आम्ही वाचवली. तिची ऑपरेशनची तारीख रद्द करायला तिचा नवरा तयार नव्हता. "मोठा डॉक्टर हाये तो," तो म्हणायचा. मी त्याला मैत्रिणीनं छापून दिलेलं चित्र दाखवलं आणि सांगितलं, "भाऊ, तुझ्या बायकोला एक लेकरू हाये अन् ते जिवंत हाये. ज्या पिशवीतून ते आलं तीच पिशवी फाडायची काय गरज?" तो बराच वेळ चित्राकडे पाहत बसला. मग म्हणाला, "नाई करत."

सहा महिन्यांनी तिला दिवस गेले. मी तिला माहेरीच ठेवायला सांगितलं, आणि सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजत राहिले. अशा पिशवीचं तोंड कधी दिवस भरायच्या आधीच सैल पडतं, आणि गेल्या खेपेला हिचं पाचव्या महिन्यातच पडलं होतं. विसाव्या आठवड्यात लांबी कमी झाली. चंद्रपूरला पाठवून तोंडाला टाका घालून आणला. मी तिला रोज फोन करायची. तिची आई वैतागली, म्हणायची, "मॅडम, पोरीले झोपू द्या जरा."

चौतिसाव्या आठवड्यात पाणी गेलं. बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं आधीच देऊन झाली होती. मूल पुन्हा पायाळू होतं. पोटावरून काढलं. पोट उघडल्यावर मी ती पिशवी पाहिली, उजव्या शिंगात मूल, आणि डावं शिंग बाजूला रिकामं, लहानसं. मुलगी होती. थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि घरी गेली.

त्या शहरातल्या डॉक्टरला मी पत्र लिहिलं. त्यानं उत्तर दिलं नाही. तो अजूनही पोटं फाडत असेल कदाचित. मी तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत दोनदा उभी राहून बोलले. एकदा मला सांगितलं गेलं की व्यवसायातल्या गोष्टी अशा उघड बोलू नयेत. मी विचारलं, "मग बायकांनी त्या कुठं बोलाव्या? बाकावर?" लोक इकडेतिकडे बघायला लागले.

मासळीवाली माझ्याकडे परत आली नाही. ऑपरेशननंतर दोन महिने थांबायला सांगितलं होतं ते ती थांबली. मग दिवस गेले. हे मला त्यांच्या गावच्या आशाताईंकडून कळलं. तिसरा महिना गेला तेव्हा त्यांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, ठोके हायेत." चौथा गेला. मी आशाताईंना तिच्या गोळ्यांबद्दल, वजनाबद्दल विचारत राहायची आणि त्या मला सांगायच्या, पण ती आमच्या दवाखान्यात पाऊल टाकायची नाही. ती तपासणीला चंद्रपूरला जात होती. एवढा प्रवास करू नकोस असं सांगायला मी एकदा आशाताईंना पाठवलं. उत्तर आलं: "मी माह्या पायानं जाते, त्याहीच्या नाई."

नववा महिना भरल्यावर ती चंद्रपूरलाच साधी बाळंत झाली. पोटावर व्रण नसल्यामुळे तिला पोट फाडायची गरज पडली नाही. मुलगा.

एका लसीकरणाच्या दिवशी ती आमच्या दवाखान्याच्या आवारात दिसली. चंद्रपूरला लसीसाठी कोण जाईल. मी खोलीच्या खिडकीतून पाहिलं. सासू तिच्या बाजूला, बाळाच्या टोपड्याची गाठ बांधत होती. मी बाहेर गेले. मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

"बरं हाये?" मी विचारलं.

"हाये."

"दूध पितो नीट?"

"पितो."

सासू म्हणाली, "मॅडम, याले खोकला झाला होता, आता बरा हाये." मी बाळाची छाती ऐकली. ठीक होती. स्टेथोस्कोप काढून ठेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यावर राग हाये अजून?"

सून माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली नाही. तिनं खरंच विचार केला, हे मला दिसलं.

"हाये," ती म्हणाली. "काऊन जाईल? दोन लेकरं तुमच्या आधीची गेली, ती माह्या नशिबाची म्हनू. तिसरं तुमचं हाये. ते कुठी जाईल?"

मी मान हलवली.

"एक सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्या लेकराले परत ऑपरेशन लागन काय?"

"नाई. पडदा परत येत नाई बहुतेक. पण दिवस गेले की लवकर सोनोग्राफी करून घे. मधे दोन वर्सं तरी जाऊ दे."

"बरं."

नर्सनं तिचा नंबर पुकारला. तिनं बाळाला खांद्यावर टाकलं आणि लसीच्या खोलीत गेली. सुई टोचली तसं ते पोरगं कळवळून रडायला लागलं, आणि सासू धावत आत गेली. मी माझ्या खोलीत परत आले. बाकावर चार बायका थांबल्या होत्या. पहिलीचा कागद हातात घेतला, आणि त्यावर काही लिहायच्या आधी तो दोनदा वाचला.